गुपचूप दिलेली गोळी

“दारू सोडवायची गोळी रोज जेवणातून गुपचूप द्या. त्याला कळतही नाही, दारूची किळस बसते आणि आपोआप सुटते. कुठलीही गोळी चालते, सगळ्या सारख्याच.”

आधी किळसेविषयी. दारू सोडवण्यासाठी नेहमी दिल्या जाणाऱ्या गोळ्यांपैकी दारू प्यायल्यावर त्रास घडवून आणते ती फक्त डायसल्फिराम. यकृतात दारूपासून अ‍ॅसिटाल्डिहाइड तयार होते आणि एरवी एक विकर त्याचा झटपट निचरा करते. डायसल्फिराम ते विकर निकामी करत असल्यामुळे हा विषारी पदार्थ रक्तात साचत जातो. पिण्याची ओढ मात्र तिने कमी होत नाही. तिचा उपयोग धाकाचा आहे, आणि आपण गोळी घेतली आहे हे ज्याला ठाऊकच नाही, त्याला धाक कसला वाटणार?

आता “कळतही नाही” याविषयी. समजा, एखाद्याच्या जेवणात रोज 250 मिलिग्रॅम मिसळले जात आहे आणि संध्याकाळी तो नेहमीसारखा प्यायला बसला. दहा ते तीस मिनिटांत चेहरा लालबुंद होतो, डोके ठणकते, छाती धडधडते, उलट्या सुरू होतात आणि रक्तदाब घसरतो. हृदयविकार असेल तर हे जिवावर बेतू शकते. दवाखान्यात त्याने काय सांगायचे? डॉक्टर कारण शोधत बसतात, आणि ज्याला माहीत आहे तो भीतीने गप्प राहतो. घाबरून गोळी बंद केली, तरी तिचा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत टिकू शकतो. म्हणजे आठवड्याने प्यायला तरी पुन्हा तेच. म्हणूनच शेवटच्या पेल्यानंतर किमान बारा तास उलटल्याशिवाय, आणि माणसाच्या संमतीशिवाय, ही गोळी सुरू करत नाहीत.

राहिला “सगळ्या सारख्याच” हा भाग. नाल्ट्रेक्सोनने दारू प्यायल्यावर त्रास होत नाही, तर पिण्यातून मिळणारी मजा फिकी पडते आणि पहिल्या पेल्यानंतर दुसऱ्याची ओढ कमी होते. त्यामुळे पिणे चालू असतानाही ती सुरू करता येते. मात्र ट्रामाडॉल किंवा कोडीनसारखी अफूवर्गीय वेदनाशामके घेणाऱ्याला ती नकळत दिली, तर काही वेळातच तीव्र विथड्रॉवल, म्हणजे ते वेदनाशामक एकाएकी तुटल्यासारखा त्रास, उभे राहते. अ‍ॅकॅम्प्रोसेट दारू थांबवल्यानंतर संयम टिकवण्यासाठी असते. 333 मिलिग्रॅमच्या दोन-दोन गोळ्या दिवसातून तीनदा घ्याव्या लागतात. ती मूत्रपिंडावाटे बाहेर पडत असल्याने आधी मूत्रपिंडाची तपासणी हवी. दिवसाला सहा गोळ्या चोरून कशा देणार?

रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकाएकी तुटली तर येणारे झटके आणि भ्रम या तीनपैकी एकाही गोळीने थांबत नाहीत. त्यासाठी वेगळे उपचार लागतात.

डायसल्फिरामचा खरा गुण उघडपणे घेण्यातच दिसतो. दोघांनी मिळून ठरवलेल्या वेळी, घरच्या माणसासमोर, पाण्यासोबत गोळी घेतली जाते आणि त्या दिवसापुरता पिण्याचा प्रश्न सकाळीच निकालात निघतो.