घर जळाल्यानंतरचे भाडे: पॉलिसीतली एक ओळ आणि सोसायटीचा वेळ

मार्च २०२३ मध्ये आमच्या ठाण्यातल्या सदनिकेला आग लागली. हॉलमधल्या एसीच्या वायरिंगमध्ये शॉर्टसर्किट झाले, आम्ही तिघेही सुदैवाने बाहेर होतो, आणि शेजाऱ्यांनी वेळीच फोन केल्यामुळे अग्निशमन दल वीस मिनिटांत पोहोचले. जळालेला भाग म्हणाल तर हॉल आणि स्वयंपाकघराचा अर्धा भाग एवढाच. पण दुसऱ्या दिवशी आत गेल्यावर कळले की ज्या बेडरूमला आग शिवलीही नव्हती तिथेही राहता येणार नाही. बंद कपाटातल्या घडीच्या साड्यांवर तेलकट काजळी बसली होती, भिंतीतल्या पाइपांमधली वायर वितळून एकमेकींना चिकटली होती, आणि हॉलच्या छताचे काँक्रीट पोपडे सुटून पडल्यामुळे आतल्या सळ्या उघड्या दिसत होत्या.

आमची पॉलिसी ‘भारत गृह रक्षा’ होती. विमा नियामकाने ठरवून दिलेली ही प्रमाणित पॉलिसी १ एप्रिल २०२१ पासून लागू आहे, आणि तिची मूळ कलमे कंपनीगणिक बदलत नाहीत. इमारतीच्या संरक्षणाबरोबरच तिच्यात भाड्याबद्दलचे एक कलम आहे: विमा उतरवलेल्या घटनेमुळे घराचे प्रत्यक्ष नुकसान होऊन ते राहण्यायोग्य उरले नाही, तर बुडालेले भाडे किंवा पर्यायी जागेचे भाडे कंपनी देते. दुरुस्तीला लागणाऱ्या वाजवी काळापुरते ते मिळते आणि त्याला तीन वर्षांची कमाल मर्यादा आहे. घर राहण्यास अयोग्य आहे असे आर्किटेक्टचे किंवा स्थानिक प्राधिकरणाचे प्रमाणपत्र मात्र द्यावे लागते. पॉलिसी घेताना हे कलम मी वाचले होते आणि समजले असेही मला वाटले होते. त्यातला ‘वाजवी काळ’ हा शब्द सदनिकेत राहणाऱ्या माणसासाठी किती अवघड आहे, ते पुढच्या आठ महिन्यांत कळले.

आधी प्रमाणपत्राविषयी सांगते, कारण बहुतेकांची पहिली चूक तिथेच होते. अग्निशमन दलाचा अहवाल आणि पोलिसांचा पंचनामा हातात आला की आपण निश्चिंत होतो. पण आग कधी आणि कशाने लागली हे त्या कागदांवर असते, घरात राहता येईल की नाही हे नसते. आमच्या आर्किटेक्टने पाहणी तेराव्या दिवशी केली आणि पहिल्या पत्रात ‘सदनिकेची दुरुस्ती आवश्यक आहे’ एवढेच लिहिले. विमा कंपनीने नुकसान ठरवायला नेमलेल्या सर्व्हेअरने ते परत केले आणि त्याचे बरोबरच होते, कारण दुरुस्ती आवश्यक असलेल्या घरातही माणसे राहतात. दुसऱ्या पत्रात छताची सळई उघडी पडली आहे, टेकू लावल्याशिवाय खाली वावरणे धोक्याचे आहे, संपूर्ण वायरिंग निकामी आहे आणि म्हणून आगीच्या दिवसापासून सदनिका राहण्यास अयोग्य आहे, असे कारणांसह लिहून घेतले. त्यातले ‘आगीच्या दिवसापासून’ हे शब्द नसते तर आमचा काळ तेरा दिवस उशिरा सुरू झाला असता.

आता हिशेब. आग लागली ६ मार्चला. ३१ मार्चपर्यंत आम्ही डोंबिवलीला दिरांकडे होतो. त्या पंचवीस दिवसांचे काहीही मिळाले नाही आणि मिळायलाही नको होते, कारण आम्ही भाडे दिलेच नव्हते. १ एप्रिलपासून जवळच्याच संकुलात महिना ३०,००० रुपयांनी जागा घेतली आणि ३० नोव्हेंबरला सोडली. आठ महिन्यांचे भाडे २,४०,००० रुपये झाले. पॉलिसीच्या शेड्यूलमध्ये भाड्यासमोर ३०,००० रुपये महिना आणि सहा महिने, म्हणजे एकूण १,८०,००० रुपये लिहिलेले होते. दलाली, डिपॉझिट, टेम्पोचे पैसे आणि करार नोंदवण्याचा खर्च हे भाडे नव्हे, ते आमच्याच खिशातून गेले. गृहकर्जाचा हप्ता तर सुरूच होता आणि या कलमाचा त्याच्याशी काही संबंध नाही. आठही महिन्यांचे भाडे बँकेतून दिलेले होते आणि लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदणीकृत होता, त्यामुळे रकमेबद्दल एकही प्रश्न आला नाही.

प्रश्न आला तो काळाचा. सर्व्हेअरने पहिल्या अहवालात नव्वद दिवस धरले: राडारोडा काढून साफसफाईला पंधरा दिवस, छताच्या दुरुस्तीला पंचेचाळीस, वायरिंग, गिलावा आणि रंगाला तीस. कामाचा अंदाज म्हणून त्यात फारसे चूक नव्हते. पण ते नव्वद दिवस ६ मार्चपासून मोजले की ४ जूनला संपतात, आणि आम्ही भाडे भरायला लागलो होतो १ एप्रिलला. म्हणजे हाती जेमतेम दोन महिने आणि चार दिवसांचे भाडे येत होते.

त्या अंदाजात एकच गोष्ट नव्हती, ती म्हणजे सोसायटी. आमचे छत हे वरच्या घराची जमीन आहे आणि तो स्लॅब ही इमारतीची सामाईक रचना आहे. मी कंत्राटदार बोलावून त्याला हात लावायला सांगू शकत नव्हते, आणि तसे केले असते तर ते चुकीचेच ठरले असते. सोसायटीने १० एप्रिलला आरसीसी सल्लागार नेमला. त्याने स्लॅबवर हातोड्याच्या उसळीची चाचणी घेतली, दोन ठिकाणी काँक्रीटचे नळकांडीसारखे नमुने कापून प्रयोगशाळेत पाठवले, आणि २ मे रोजी अहवाल दिला. खर्चाच्या मंजुरीसाठी सभा झाली २१ मे रोजी. काम सुरू झाले ५ जूनला. सैल काँक्रीट फोडणे, सळ्या घासून त्यांना गंजरोधक लावणे, मायक्रोकाँक्रीट भरणे, पाणी मारून ते पक्के होऊ देणे आणि मगच टेकू काढणे, हे सगळे होईपर्यंत २० जुलै उजाडला. तोपर्यंत आमच्या घरात वायरमनलाही पाय ठेवायला जागा नव्हती, कारण हॉलभर लोखंडी टेकू उभे होते. सोसायटीने विनाकारण वेळ काढला असे मी म्हणणार नाही. बारा-पंधरा कुटुंबांच्या डोक्यावरच्या आणि पायाखालच्या स्लॅबचे काम घाईने उरकण्यासारखे नव्हतेच.

माझ्या मते या संरक्षणाची खरी अडचण इथे आहे. कलमातला ‘वाजवी काळ’ स्वतंत्र बंगल्यासाठी सरळ आहे: मालक ठरवतो, कंत्राटदार येतो, काम होते. सदनिकेत मात्र दुरुस्तीचा सगळ्यात मोठा टप्पा मालकाच्या हातात नसतो, आणि त्याचा अंदाज मात्र तो मालकच काम करणार असल्यासारखा बांधला जातो.

आम्ही सर्व्हेअरकडे नव्याने मांडणी केली. तक्रार न करता फक्त तारखा मांडल्या: आम्ही सोसायटीला ९ मार्चला दिलेले पहिले पत्र आणि त्याची पोच, सल्लागाराच्या नेमणुकीचे पत्र, त्याचा अहवाल, सभेचे इतिवृत्त, आणि ‘स्लॅबचे काम पूर्ण होईपर्यंत सदनिकेत अंतर्गत काम करणे शक्य नव्हते’ असे सोसायटीने लिहून दिलेले एक पान. निर्णय फिरला तो त्या पानाने. नंतरच्या कामासाठी ऑगस्ट अखेरपर्यंतचा काळ धरून एप्रिल ते ऑगस्ट अशा पाच महिन्यांचे १,५०,००० रुपये मंजूर झाले.

उरलेले तीन महिने मिळाले नाहीत आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. वायरिंग आणि गिलावा झाल्यावर आम्ही स्वयंपाकघराचा ओटा दुसऱ्या भिंतीला हलवला, सगळ्या घराची फरशी बदलली, त्यात नोव्हेंबर गेला. ते काम आगीमुळे करावे लागले नव्हते, आमच्या इच्छेचे होते. आग लागण्यापूर्वी घर जसे होते तसे होईपर्यंतचा काळ हाच या संरक्षणाचा काळ असतो. त्यात सुधारणा मिसळल्या की कुठले दिवस कुणाचे हे वेगळे काढणे अवघड होते. म्हणून मूळ दुरुस्ती संपल्याच्या दिवशी आर्किटेक्टकडून तसे एक पत्र घेऊन ठेवावे आणि नंतर हवे ते काम करावे.

आमच्याच मजल्यांवर याच आगीचे आणखी दोन परिणाम पाहिले. वरच्या घराच्या हॉलच्या फरशा उष्णतेने फुगून निघाल्या होत्या आणि तिथे भाडेकरू राहत होते. ते गेले. त्या मालकांनाही पुढे बुडालेले भाडे मिळाले, पण लिव्ह अँड लायसन्सच्या कराराचे चारच महिने शिल्लक होते, म्हणून दावा तेवढ्यापुरताच धरला गेला. घर त्या वेळी रिकामे असते तर बुडालेले भाडे दाखवायलाच काही उरले नसते. त्यांच्या भाडेकरूंची स्वतःची पॉलिसी असती तर त्यांना जुन्या आणि नव्या भाड्यातला फरक मिळाला असता, संपूर्ण नवे भाडे नव्हे.

समोरच्या घरातल्या काकूंचा प्रसंग मला अजून लागतो. त्यांच्या घराला काहीही झाले नव्हते, पण आमच्या मजल्याचा वीजपुरवठा नऊ दिवस बंद होता आणि जिन्यात धुराचा वास असह्य होता. काकांना दम्याचा त्रास, त्यामुळे त्यांनी बाहेर खोली घेतली. दावा नाकारला गेला, कारण त्यांच्या स्वतःच्या घराचे प्रत्यक्ष नुकसान नव्हते. कलमाच्या भाषेप्रमाणे तो नकार योग्य आहे. पण बहुमजली इमारतीत घर निरुपयोगी व्हायला ते घर जळावेच लागते असे नाही, हे कलम लिहिताना विचारात घेतले गेलेले नाही.

जुन्या इमारतींतल्या मित्रांसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. महापालिकेने इमारत सी-१, म्हणजे अतिधोकादायक, ठरवून रिकामी करायला लावली, तर या कलमातून भाडे मिळत नाही. वयाने झिजलेली इमारत ही विमा उतरवलेली घटना नाही. पुनर्विकासात विकासक जे भाडे देतो ते त्याच्याशी झालेल्या करारातून मिळते, विम्यातून नव्हे.

भाड्याच्या कलमात एक वाक्य वाढवले जावे, असे मला मनापासून वाटते: सदनिकेच्या बाबतीत सामाईक रचनेच्या दुरुस्तीला सोसायटीला प्रत्यक्ष लागलेला काळ, तो कागदोपत्री दाखवता आल्यास, वाजवी काळात धरला जाईल. आम्हाला तो मिळाला तो सर्व्हेअर समजूतदार होता म्हणून आणि सोसायटीच्या सचिवांनी ते पान विनाविलंब लिहून दिले म्हणून. ज्यांचे सोसायटीशी पटत नाही त्यांना ते पान कोण देणार?

यंदाच्या नूतनीकरणात आम्ही भाड्यासमोर सहाऐवजी बारा महिने आणि आजच्या दराने ३५,००० रुपये लिहून घेतले आहेत.