पहिली लिंक, पूर्ण मार्क

ज्युनिअर मंडळींनो, बसा. पाच मिनिटांत सोडतो. सबमिशनच्या दिवशीची झेरॉक्सवाल्याकडची रांग मलाही ठाऊक आहे.

संदर्भ म्हणून वेबसाइट द्यायची तर गूगलवर पहिली आलेलीच द्या, खाली स्क्रोल करून बोटं कशाला झिजवायची? पत्त्याच्या शेवटी .org दिसलं की डोळे मिटून विश्वास ठेवा. पैसे भरले की ते कुणालाही मिळतं, पण आपल्याला काय त्याचं. लेखकाचं नाव नसेल तर उत्तमच, टाइप करायला एक नाव कमी.

आता मुख्य मंत्र. एकच उतारा दहा साइटवर सापडला, की तो सिद्ध झाला! परवा मॅडमनी एफवायच्या मेकॉलेवरच्या असाइनमेंटचा गठ्ठा माझ्यापुढे आपटला. अकरा जणांकडे एकच उतारा: मी भारत उभाआडवा फिरलो, मला एकही भिकारी वा चोर दिसला नाही, वगैरे. खाली ऐटीत लिहिलेलं, ‘ब्रिटिश संसदेतील भाषण, २ फेब्रुवारी १८३५’. संदर्भ मात्र अकरा वेगवेगळे. केवढा हा व्यासंग! मी त्या अकराही साइट उघडल्या. सगळीकडे शब्द न् शब्द तोच, चुकलेली वेलांटीसुद्धा तीच. म्हणजे साक्षीदार एकच, बाकी दहा त्याच्या झेरॉक्स.

आणि ती तारीख! मेकॉले १८३४ च्या फेब्रुवारीत इंग्लंडहून बोटीने निघाला आणि जूनमध्ये मद्रासला उतरला. २ फेब्रुवारी १८३५ ला तो कलकत्त्यात होता, गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलात. त्याच तारखेची त्याची शिक्षणावरची टिपणी प्रसिद्ध आहे. मग लंडनला भाषण ठोकायला काय पुष्पक विमानाने गेला? त्या टिपणीत ना भिकारी ना चोर. त्यात आहे ते हे, की युरोपातल्या चांगल्या ग्रंथालयाची एक फळी भारत आणि अरबस्तानच्या सगळ्या वाङ्मयाच्या तोडीची आहे. अरे, त्याला शिव्या घालायला हे खरं वाक्य कमी पडलं का, की खोटं आणावं लागलं?

साइट कितीही देखणी असो, तिच्यातच बसून ती खरी की खोटी हे कळत नाही. बाहेर पडा. उताऱ्यातली सहा-सात शब्दांची इंग्रजी ओळ अवतरणचिन्हांत टाकून शोधा. संसदेतलं भाषण म्हणतात ना, मग त्या संसदेच्या भाषणांचं दप्तर, हॅन्सार्ड, ऑनलाइन फुकट आहे, तिथे बघा. टिपणी म्हणतात, तर टिपणी उघडा. तीही फुकट आहे आणि एका बैठकीत वाचून होते. हे सगळं अर्ध्या तासाचं काम. तेवढ्यात तुमच्या चार रील बघून होतात, म्हणून जमत नाही, एवढंच.

काल त्या अकरांपैकी एक जण कॉरिडॉरमध्ये गाठून विचारतो, “दादा, उतारा काढू, की नुसती लिंक बदलू?”

उतारा काढ. आणि मॅडमनी विचारलं तर मी शिकवलं म्हणून सांगू नकोस.