सणाचे दिवस डायरीत कोरे सोडू नका, अंदाजाने भरा

खाण्याची डायरी ठेवणाऱ्या लोकांचं एक ठरलेलं असतं. दोन-तीन दिवस लिहायचं राहिलं की डायरीच बंद. गणपती गेले, आता दिवाळीनंतर नव्याने सुरू करू, असं म्हणत महिना जातो. ॲपवाल्यांनी सलग दिवसांची साखळी मोजायची सवय लावल्यापासून तर हे फारच वाढलंय. एक दिवस हुकला की आकडा शून्यावर, आणि मग माणसाला वाटतं की सगळंच वाया गेलं. मला हे अजिबात पटत नाही. हुकलेला दिवस नंतर आठवून, अंदाजाने भरावा आणि डायरी पुढे चालू ठेवावी. त्याचं कारण साधं हिशेबाचं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

लिहायचं राहतं ते दिवस कुठले असतात बघा. लग्न, सण, प्रवास, घरी पाहुणे. म्हणजे नेमके जास्त खाल्लेले दिवस. मंगळवारी ऑफिसला डबा नेला आणि लिहायला विसरलो, असंही होतं, पण क्वचित. त्यामुळे कोरे दिवस बाजूला ठेवून उरलेल्या दिवसांची सरासरी काढली, तर ती फक्त शहाण्यासारखं खाल्लेल्या दिवसांची सरासरी निघते. मग महिनाभराने माणूस म्हणतो, ‘मी इतकं कमी खाते तरी वजन हलत नाही, माझं थायरॉइड बघायला हवं.’ काही ॲप्स तर कोरा दिवस शून्य धरून सरासरी काढतात. तुमचं ॲप काय करतं ते एकदा तपासून बघा.

यंदा गौरींच्या वेळी माझ्या नणंदेचं हेच झालं. डॉक्टरांनी साखर सीमेवर आली म्हणून तिला आहारतज्ज्ञांकडे पाठवलं होतं आणि त्यांनी डायरी ठेवायला सांगितली होती. आवाहन, पूजन, विसर्जन असे तिन्ही दिवस कोरे. विसर्जनाच्या रात्री फोन पुढे करून म्हणाली, “वहिनी, हे राहू दे आता. पूजनाच्या दिवशी काय काय खाल्लं ते आठवतंय कुणाला! दीड हजार कॅलरी लिहून टाकू का?”

असा एकदम आकडा टाकायचा नाही. आकडा सगळ्यात शेवटी येतो. आहाराच्या सर्वेक्षणात लोकांना आदल्या चोवीस तासांत काय खाल्लं हेच विचारतात. आपल्याकडे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या पाहण्यांमध्येही हीच पद्धत वापरली गेली आहे. विचारायची रीत मात्र ठरलेली असते. आधी सुचेल तसे नुसते पदार्थ सांगायचे, प्रमाण नाही. मग हमखास विसरल्या जाणाऱ्या गोष्टींची विचारपूस करायची. मग वेळ आणि प्रसंग, मग प्रमाण, आणि शेवटी पुन्हा एकदा सगळ्यावरून नजर. अमेरिकेच्या सर्वेक्षणात तर हे असेच पाच टप्पे ठरवून दिलेले आहेत. घरी बसून हेच करायला पंधरा मिनिटं लागतात.

तर पूजनाचा दिवस. पहिल्या झटक्यात तिने सांगितलं ते असं: सकाळी चहा आणि केळं, दुपारी पुरणपोळी, कटाची आमटी, मसालेभात, बटाट्याची भाजी, भजी, कुरडई, चटणी-कोशिंबीर, आणि रात्री उरलेली पोळी. यादी खरीच होती. पण सगळी ताटातली.

मग मी वेळेच्या मागे लागले. नैवेद्य दाखवायच्या आधी आमच्याकडे कुणी चव घेत नाही, त्यामुळे स्वयंपाक करताना तोंडात काही गेलं नव्हतं. हे नक्की झालं ते बरं झालं, कारण एरवी तीच मोठी गळती असते. सकाळचे चहा एक नाही, दोन होते. पोळीवर तूप? “ते तर वाढतातच की.” किती वेळा वाढलं? दर पोळीवर एकदा आणि सासूबाईंनी आग्रहाने आणखी एकदा. जेवणं झाल्यावर पातेलं कोण काढत होतं? तीच. तळाचं पुरण? “दोन चमचे असेल.” संध्याकाळी हळदीकुंकवाला बायका आल्या, त्यांच्याबरोबर मसाला दूध, एक करंजी आणि पुन्हा चहा. रात्रीची पोळी कोरडी नव्हती, अर्धा कप दुधाबरोबर होती. मोबाइलमधले फोटो काढले तर त्यात हळदीकुंकवाची वेळही सापडली आणि तिच्या हातातली बशीही. आठवायला फोटो, फोनवरून दिलेले पैसे, घरच्या ग्रुपवरचे मेसेज या तीन गोष्टी फार उपयोगी पडतात.

आता प्रमाण. इथे लोक अडतात, कारण ॲपमध्ये ‘पुरणपोळी, एक’ असं लिहिलेलं असतं आणि आपल्या घरची पोळी कुणाच्या मापाची ते ॲपला माहीत नसतं. आमच्याकडे दोन पोळ्या फ्रीजमध्ये उरल्या होत्या. एक काट्यावर ठेवली, 95 ग्रॅम भरली. पुरण आणि कणकेचा साधारण वाटा धरून एका पोळीला तूप सोडून 260 कॅलरी धरल्या. कमीत कमी 230, जास्तीत जास्त 300. उरलेलं अन्न हा सगळ्यात चांगला पुरावा आहे, ते संपायच्या आत मोजून घ्यावं. भात आणि आमटीसाठी घरातली वाटी आणि डाव समोर आणून ठेवले आणि तिला पाणी ओतून दाखवायला सांगितलं. हाताला माप आठवतं, तोंडाला आठवत नाही.

प्रत्येक पदार्थाला असा कमी आणि जास्त आकडा लावायचा आणि मधला लिहायचा. तुपाचा चमचा 45 कॅलरींचा, ते तीन ते पाच चमचे होते, म्हणून चार धरले. मधले आकडे मिळवले तेव्हा तिच्या पहिल्या यादीचे सुमारे 1800 झाले. नंतर आठवलेल्या सगळ्या गोष्टींचे मिळून सहाशेच्या आसपास. दिवसाचे 2400 धरले. दीड हजार लिहिले असते तर तो आकडा कोऱ्या पानापेक्षाही वाईट झाला असता, कारण तो खरा वाटला असता.

आवाहनाचा दिवस भाजी-भाकरीच्या नैवेद्याचा, पण पाहुण्यांबरोबर चहा-फराळ चालू होता. तो 2000 वर गेला. विसर्जनाचा 2100. आठवड्यातले बाकीचे चार दिवस तिने रोजच्या रोज लिहिले होते, त्यांची सरासरी 1700. सात दिवसांची मिळून निघाली 1900. तीन दिवस कोरे सोडले असते तर डायरी 1700 म्हणाली असती, शून्य धरणाऱ्या ॲपने तर हजाराच्याही खालचा आकडा दाखवला असता. आणि समजा, तिन्ही अंदाज 15 टक्क्यांनी चुकले, तेही एकाच बाजूला, तरी आठवड्याच्या सरासरीत 140 चा फरक पडतो. कोरं सोडण्याने पडणारी चूक 200 ची. अंदाज चुकीचा असूनही परवडतो तो असा.

‘पण अंदाज म्हणजे खरी नोंद नव्हे’ असं म्हणणाऱ्यांना मला एवढंच सांगायचंय की ताटावरून उठून लगेच लिहिलेली नोंदही अंदाजच असते. 1992 साली अमेरिकेत झालेला एक अभ्यास प्रसिद्ध आहे. कमी खाऊनही वजन उतरत नाही असं सांगणाऱ्या लोकांची नोंद आणि त्यांचं प्रत्यक्ष खाणं ताडून पाहिलं, तर त्यांनी सरासरी 47 टक्के कमी नोंदवलं होतं. ही माणसं रोज लिहीत होती. त्यामुळे त्याच दिवशी लिहिलं म्हणून नोंद पवित्र होत नाही आणि दोन दिवसांनी लिहिली म्हणून बाटत नाही. मात्र दोन्हींत फरक दिसला पाहिजे. आम्ही अंदाजाच्या दिवसापुढे ‘अं.’ लिहितो. आहारतज्ज्ञांना दाखवताना हे फार कामाला येतं.

किती मागे जावं? कालचं चांगलं आठवतं, परवाचं ओढून काढावं लागतं. तीन-चार दिवसांपलीकडे गेलं की आपण आठवत नसतो, ‘मी साधारण असं खाते’ हे सांगत असतो. तिथे एकेक पदार्थ लिहायचा हट्ट सोडावा. आठ दिवस गावाला जाऊन आलात तर प्रत्येक दिवसाला साधा, जड किंवा सणाचा एवढंच नाव द्यावं आणि स्वतःच्याच जुन्या पानांवरून त्या प्रकारच्या दिवसाचा आकडा टाकावा. म्हणून तर एक सणाचा दिवस नीट भरून ठेवणं महत्त्वाचं. आमच्या डायरीत आता आमच्या घरच्या मापाची पुरणपोळी आहे, ती होळीलाही चालेल. साध्या मंगळवारची नोंद हुकली असेल तर आपल्या साध्या दिवसाची सरासरी टाकून मोकळं व्हावं, त्यावर डोकं घालवण्यासारखं काही नाही.

अंदाज खोटा पडतोय हे कसं ओळखायचं? तुमचे ‘अं.’ लावलेले सणाचे दिवस जर रोजच्याइतकेच येत असतील तर कुठेतरी तेल-तूप, पेय आणि येता-जाता खाल्लेलं सुटतंय. सणाचा दिवस साध्या दिवसाएवढा नसतोच. आणि दुसऱ्या दिवशीच्या वजनावरून अंदाज तपासू नका. खारट, तळलेलं आणि भात-पोळी जास्त झाली की शरीरात पाणी धरून राहतं, काटा किलोभर वर जातो आणि दोन-तीन दिवसांत उतरतो. ताळा घ्यायचाच तर तीन-चार आठवड्यांच्या सरासरी वजनाशी घ्या. भरलेला मोठा आकडा बघून दुसऱ्या दिवशी उपाशी राहणं हा तर सरळ नुकसानीचा धंदा. संध्याकाळी भूक दुप्पट होऊन परत येते आणि नेमका तोही दिवस लिहायचा राहतो.

दोन ठिकाणी मात्र हे करू नये. इन्सुलिनचा डोस जेवणातल्या कर्बोदकांवरून ठरवणाऱ्यांनी नंतर आठवून भरलेल्या आकड्यांवरून डोस बदलू नये. तो दिवस डॉक्टरांना अंदाज म्हणूनच दाखवावा. आणि कुठल्या पदार्थाने पित्त उठतं, अंगावर गांधी येतात किंवा पोट बिघडतं हे शोधायला डायरी ठेवली असेल, तर कोरा दिवस कोराच ठेवावा. त्रास झाल्यावर आठवायला बसलं की ज्याच्यावर आधीपासून संशय आहे तोच पदार्थ पहिल्यांदा आठवतो. वांगं खाल्लं नसलं तरी डायरीत वांगं येतं.