मुळांवरचा पांढरा कापूस आणि सडलेलं हॉवर्थिया: एका प्रतिक्रियेला उत्तर

"ताई, तुमची पोस्ट वाचून मी भर जुलैत हॉवर्थिया कुंडीतून काढलं, मुळांवर पांढरं होतं म्हणून सगळी माती धुतली, त्याच संध्याकाळी नवीन मातीत लावून पाणी दिलं. आठवड्यात बुडातून मऊ पडलं. नर्सरीवाला आधीच म्हणाला होता की ती चांगली बुरशी आहे, हात लावू नका. फार तर कडुलिंबाचं तेल घातलं असतं तरी भागलं असतं. उगाच लोकांना घाबरवून धडधाकट झाडं का मारायला लावता?"

दादा, झाड गेल्याचं खरंच वाईट वाटलं, हॉवर्थिया हे सक्युलंट इतकं हळू वाढतं की तसं भरलेलं झाड परत व्हायला वर्षं जातात. ती पोस्ट मुळांवरच्या पांढऱ्या किडीवर, म्हणजे रूट मिलीबगवर होती, आणि तिच्यासाठी माती काढून धुवायला मी सांगितलं होतं हे खरं. पण तुम्ही स्वतःच लिहिलंय ना की त्याच संध्याकाळी लावून पाणी दिलं, माझ्या मते झाड तिथेच गेलं. माती धुताना कितीही हलका हात ठेवला तरी बारीक मुळं तुटतात, जाड मुळांना ओरखडे जातात, आणि किडीने जिथे आधीच भोकं पाडलेली असतात त्या जागा उघड्या पडतात. त्या जखमा सुकायच्या आत ओल्या मातीत गेल्या आणि वरून जुलैची हवा, म्हणजे कुंडी दहा-दहा दिवस वाळत नाही, मग सड मुळातून बुडात चढायला आठवडा पुष्कळ झाला. पोस्टमधे 'सुकवून लावा' एवढंच होतं, इथे सविस्तर सांगते.

आधी नर्सरीवाल्याचं. तो सरसकट चूक नाहीये, कोकोपीट किंवा झाडाच्या सालीचे तुकडे असलेल्या मिश्रणात पांढरी बुरशी येतेच आणि ती बहुतेक वेळा निरुपद्रवी असते. पण ती धाग्यांसारखी पसरते, सालीच्या तुकड्यांना धरून असते, तिला मश्रूमसारखा वास येतो. रूट मिलीबगचं पांढरं वेगळं दिसतं, मुळांवर ठिकठिकाणी पिठासारखे किंवा कापसासारखे पुंजके, आणि कुंडीच्या आतल्या भिंतीवर जिथे मुळं टेकलेली असतात तिथे निळसर पांढरा मेणचट थर. तो थर दिसला की मला फारशी शंका उरत नाही. तरी खात्री करायची तर एका पुंजक्यावर केमिस्टकडचं सर्जिकल स्पिरिट कॉटन बडने टेकवा. मेणाचा पांढरेपणा जातो आणि आत दोनेक मिलिमीटरचा, तांदळाच्या कणीएवढा लांबट किडा उघडा पडतो, मोबाइलचा कॅमेरा झूम केला तर पायही दिसतात. बुरशी असेल तर नुसते भिजलेले धागे दिसतील. आणि नखाने खरवडल्यावर करकर वाजलं तर ते पाण्यातले क्षार, ते सोडून द्या.

आता कडुलिंबाचं तेल. पानांवरच्या लहान पिल्लांवर त्याचा थोडाफार उपयोग होतो हे मान्य, पण मुळांवरची कीड मेणाखाली असते, अंडी कापसाच्या पिशवीत असतात, आणि तेलाचं पाणी कुंडीत ओतलं की ते आपल्या वाटेने खालच्या भोकातून निघून जातं, मुळांच्या गुंत्यात मधे बसलेल्या किडीपर्यंत पोचतच नाही. वरून झाड महिनोन्‌महिने ठीक दिसतं, मग पानं आक्रसतात, पाणी दिलं तरी फुगत नाहीत, आणि आपण अजून पाणी देत बसतो. म्हणून माती काढून धुणं मला टाळता येत नाही.

आमच्या शेजारच्या काकूंचं हॉवर्थिया गेल्या हिवाळ्यात असंच निघालं होतं, त्याचंच सांगते. पानं चिंबलेली, कुंडीतून काढलं तर सगळ्या मुळांवर पीठ. काकूंचा जीव मुळांत अडकलेला, जितकी वाचतील तितकी वाचवू म्हणत होत्या. मी एकेक मूळ दोन बोटांत धरून हलकं ओढलं, जिवंत मूळ क्रीम रंगाचं आणि घट्ट असतं, मेलेल्याची साल मोज्यासारखी निघून येते आणि आत नुसता दोरा राहतो. तिथे जवळजवळ सगळे दोरेच होते. मग आम्ही सगळी मुळं बुडालगत कापून टाकली. काकूंना ते पाहवेना, पण सक्युलंटचं हेच तर आहे, पानांत पाणी साठवलेलं असतं, बूड कडक असेल तर ते मुळांशिवाय आठवडेच्या आठवडे तग धरतं आणि नवीन मुळं फोडतं. जपायचं ते बूड, किडलेल्या मुळांचा मोह ठेवला की त्यांच्यासोबत अंडीही राहतात.

नंतर बूड नळाच्या धारेखाली, जुन्या मऊ टूथब्रशने पानांच्या बेचक्यातसुद्धा साफ केलं, आणि झाड वर्तमानपत्रावर सावलीत, वारा लागेल असं आठवडाभर उघडं ठेवलं. कापलेली जागा कोरडी, टणक झाली तेव्हाच ते कोरड्या प्युमिस, म्हणजे हलक्या सच्छिद्र दगडाचे खडे, आणि थोड्या मातीच्या मिश्रणावर नुसतं टेकवलं, आणि पहिलं पाणी त्यानंतरही आठवड्याने, तेही थोडंसं. महिन्याभराने हलकं ओढून पाहिलं तर झाडाने धरलं होतं. पावसाळ्यात हेच करायचं असेल तर सुकवण्याचे दिवस वाढवा, पंख्याखाली ठेवा, पाण्याची घाई तर अजिबात नको.

मुळं बरी असतील आणि ठेवायचीच असतील तर दोन उपाय आहेत. एक गरम पाणी, साधारण ४५ ते ४८ अंश सेल्सिअस, दहा मिनिटं फक्त मुळं बुडवायची, पानं वर. थर्मामीटर हवाच, हाताच्या अंदाजाने करू नका, कारण थोडं थंड पडलं तर कीड जगते आणि थोडं जास्त झालं तर मुळं शिजतात. दुसरा उपाय औषधाचा, थायमेथॉक्झाम २५ टक्के डब्ल्यूजी किंवा इमिडाक्लोप्रिड १७.८ टक्के एसएल. इमिडाक्लोप्रिड मी लिटरला अर्धा मिली घेते, सुई काढलेल्या सिरिंजने मोजून, हातमोजे घालून. झाडात भिनणारी ही औषधं मुळांनी प्यावी लागतात, म्हणून मुळं नसलेल्या किंवा उन्हाळ्यात झोपलेल्या झाडाला ती देऊन फार काही होत नाही. नवीन मुळं धरल्यावर नेहमीच्या पाण्याऐवजी एकदा द्या, आणि अंड्यांवर त्यांचा भरवसा नसल्यामुळे तीनेक आठवड्यांनी परत. फुलाचा दांडा असेल तर आधी कापा, ह्या औषधाने मधमाश्या मरतात. खायच्या झाडांच्या कुंडीत हे घालू नका.

जुनी माती बागेत किंवा कंपोस्टमधे नको, पिशवीत बांधून कचऱ्यात. आणि त्याच ट्रेमधल्या बाकीच्या कुंड्या उचलून भोकं बघा, कारण पिल्लं एका कुंडीतून निघून साचलेल्या पाण्यातून, ट्रेवरून दुसऱ्या कुंडीत जातात. ट्रेखाली मुंग्यांची ये-जा असेल तर त्या कुंड्या आधी बघा.

तुमचं झाड टाकलं नसेल तर अजून एक करून बघा. सड बुडात आहे म्हणता, पण मधली पानं कडक आहेत का? असतील तर धारदार ब्लेड स्पिरिटने पुसून बुडातून पातळ चकत्या काढत वर जा, कापावर तपकिरी ठिपका दिसत राहील तोवर कापत राहा, दर कापाला ब्लेड परत पुसा. पूर्ण स्वच्छ पांढरट-हिरवा काप आला की थांबा आणि वरचा भाग काकूंच्या झाडासारखाच सुकवा. काप कुठेच स्वच्छ येत नसेल तर बाहेरची कडक पानं देठाच्या पांढऱ्या भागासकट काढून ठेवा, हॉवर्थियाच्या तशा पानाला बाजूने पिल्लू येऊ शकतं. कापाचा फोटो टाका, मी बघून सांगते अजून कापायचं का ते.