ग्रीस थापणाऱ्यांच्या नावानं

सायकलचं चाक उघडलं की या दुकानवाल्यांचा हात आपोआप ग्रीसच्या डब्याकडं जातो. कुठं लावायचं, किती लावायचं, कुठं अजिबात लावायचं नाही, याच्याशी काही देणंघेणं नाही. बोटभर हिरवंगार ग्रीस काढायचं, थापायचं, आणि वर "सर, आता वर्षभर बघायला नको" म्हणून सर्व्हिसिंगचे पैसे मोजून घ्यायचे. हे सगळं बेळगावातल्या एका चकाचक, गियरच्या सायकलींच्या दुकानात चालतं बरं का, झाडाखालच्या पंक्चरवाल्याकडं नव्हे. त्या पंक्चरवाल्याबद्दल पुढं बोलतोच.

झालं काय, तर डिसेंबरच्या थंडीत पहाटे सायकल बाहेर काढली की पायडल फिरतंय, चेन फिरतेय, मागची कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्या, फिरतेय, आणि चाक मात्र ढिम्म. पुढंही मोकळं, मागंही मोकळं. नाथ पै सर्कलला उभा राहून मी पायडल मारतोय आणि सायकल जागची हलत नाही, हे बघून दूधवालासुद्धा थांबला. थोडा वेळ पायडल उलटसुलट फिरवलं की कुठंतरी 'टक' व्हायचं, चाक पकडायचं आणि गाडी सुरू. ऊन वर आलं की दिवसभर काही त्रास नाही. पण येळ्ळूरवरून राजहंसगडाचा चढ लागला आणि उठून जोर दिला की 'खाडकन्' आवाज, पाय एकदम रिकामा खाली, आणि गुडघा हँडलवर. सायकलस्वाराला याहून वाईट काय व्हायचं ते सांगत नाही, मधल्या दांडीवर आपटलेल्यांना कळेल.

दुकानात गेलो. सगळं नीट सांगितलं. थंडीत चाक पकडत नाही, उन्हात पकडतं, चढाला सुटतं. मराठीत सांगितलं, शेजारचा पोरगा ऐकत होता म्हणून कन्नडमध्येही सांगितलं. दोन्ही भाषांत त्यांना एकच शब्द ऐकू आला: चेन.

"चेन गेलीय सर तुमची. कॅसेट बी बदलूया की सोबतच, नायतर नवी चेन जुन्या दात्यांवर उड्या मारते."

अहो, नवी चेन जुन्या दात्यांवर उड्या मारते हे खरं आहे, ते मलाही माहीत आहे. पण आधी माप तर घ्या! चेनवर पोलादी पट्टी ठेवायची, एका पिनच्या मध्यापासून मोजायचं. न झिजलेल्या चेनमध्ये चोवीस दुवे, म्हणजे आतले-बाहेरचे मिळून, बरोबर १२ इंच भरतात. शेवटची पिन १२ इंचांच्या पुढं एक सोळांश इंच सरकली की चेन बदलायची. माझी चेन पट्टीवर जवळपास जागच्या जागी होती, त्यांच्यासमोर मोजून दाखवली. तर म्हणे, "पट्टीवर नाय कळत सर, अनुभवानं कळतं."

अनुभव! मग अनुभवी माणसाला एवढं तरी कळू नये? चेन दात्यांवरून उडते तेव्हा ती डोळ्यांना दिसते, दात्यावर चढते आणि पुढच्या दात्यात पडते, कॅसेट तिथंच राहते. इथं चेन दात्यांत घट्ट बसलेली होती आणि कॅसेटच चाकाला सोडून फिरत होती. हे ओळखायला ना मशीन लागतं ना अनुभव. मागचा ब्रेक गच्च दाबायचा आणि पायडलवर हळूहळू वजन टाकायचं. चाक ब्रेकनं अडवलेलं आहे, म्हणजे पायडलही अडायला हवं. पायडल खाली जातंय, कॅसेट फिरतेय, चेन आपल्या जागी आहे, तर दोष फ्रीहबमध्ये, म्हणजे चाकाच्या मध्यावर, हबमध्ये, बसणाऱ्या आणि कॅसेट चाकाला जोडणाऱ्या भागात. गोष्ट संपली. पण ही परीक्षा स्टँडवर चाक हातानं गरागरा फिरवून होत नाही, कारण बिनओझ्याचं चाक नीटच फिरतं. आणि यांनी तेवढंच केलं. फिरवलं, मान हलवली, चेन-कॅसेट बदलली, बिल हातात दिलं. दुसऱ्या दिवशी पहाटे नव्या कोऱ्या कॅसेटसकट चाक पुन्हा ढिम्म.

शेवटी खानापूरचा मित्र आला, तो असली कामं घरीच करतो. "मर्दा, उघडूनच बघू की," म्हणाला. अंगणात पेपर अंथरला आणि बसलो. चेनव्हिप आणि लॉकरिंगचा पाना लावून कॅसेट उतरवली, एक्सलच्या टोकाची टोपी ओढून काढली, आणि फ्रीहब हळूच बाहेर खेचला. हळूच म्हणजे हळूच, कारण आतल्या स्प्रिंगा तांदळाच्या दाण्याएवढ्या, उडाल्या की गवतात शोधत बसायचं. (सगळ्या हबना हे असं निघत नाही. काहींचा फ्रीहब आतल्या पोकळ बोल्टनं धरलेला असतो, १० मिमीच्या ॲलन कीनं सुटतो, आणि चाक पकडणाऱ्या खिट्ट्या, म्हणजे पॉल, त्याच्या आत बंद असतात. तिथं एक तर आतून धुवायचं, नाहीतर अख्खा फ्रीहब बदलायचा.)

माझ्या फ्रीहबला तीन पॉल आहेत. पॉल म्हणजे नखाएवढी पोलादी खिट्टी, तिच्या पोटाखाली पातळ पत्र्याची स्प्रिंग. समोर हबच्या पोटात दातेरी कडं, रॅचेट. पायडल मारलं की स्प्रिंगनं बाहेर आलेला पॉल दात्यात रुततो आणि चाक ओढतो. पाय थांबला की तोच पॉल दात्यांवरून घसरत टकटक करतो. एवढंच सगळं यंत्र. पण या स्प्रिंगेत जोर असतो किती? करंगळीनं दाबली तरी जाणवणार नाही इतका. त्या बिचारीनं पॉल बाहेर ढकलायचा तो साध्या तेलातून. आणि आमच्या दुकानदारसाहेबांनी तिथं भरलं होतं काय? चाकाच्या बेअरिंगमध्ये भरतात ते जाड ग्रीस! थंडीत तुपासारखं गोठलेलं. त्या तीन खिट्ट्या त्यात रुतून आडव्या पडल्या होत्या, नखानं उचकटल्या तरी परत वर येईनात.

ग्रीस म्हणजे तेल आणि ते धरून ठेवणारा एक प्रकारचा साबण. डब्यावर एनएलजीआय २ लिहिलेलं असतं ते नेहमीचं घट्ट ग्रीस, बेअरिंगसाठी एकदम बरोबर. पण महिने जातात तसं त्यातलं तेल झिरपून निघून जातं आणि मागं राहतो तो चिकट, मेणचट गाळ. त्यात आपल्याकडची माती. जांबोटीच्या रस्त्याला पावसाळ्यात ज्यानं सायकल चालवली आहे त्याला ही तांबडी माती काय चीज आहे ते ठाऊक असतं. पिठासारखी बारीक, फटीफटीत शिरणारी. वर सर्व्हिसिंगच्या नावाखाली मोटारसायकल धुतात त्याच प्रेशर पंपानं थेट हबवर फवारा. सील पाऊस अडवतं हो, पंप नाही अडवत. पाणी आणि माती दोन्ही आत, बाहेर यायला वाट नाही. पेपरवर जो लगदा निघाला तो विटकरी रंगाचा होता, आणि बोटांत चोळला तर कणकण लागत होता.

मला खरा संताप आला तो याच्यानंतर. रॉकेलमध्ये बुडवून जुन्या टूथब्रशनं पॉल घासले (बेअरिंगला रॉकेल लागू द्यायचं नाही, नाहीतर जिथं ग्रीस हवं तिथलंच धुऊन जातं). स्वच्छ झाल्यावर उजेडात धरले. दोन पॉलच्या कडा कोऱ्या करकरीत. तिसऱ्याची कड गोल झालेली, एका कोपऱ्याला टवका उडालेला. म्हणजे इतके दिवस जो 'टक' व्हायचा तो एकटा हाच सुटा होऊन बाहेर येत होता. तिघांनी मिळून उचलायचं वजन, माझं आणि राजहंसगडाच्या चढाचं, हा एकटा ओढत होता. तेही अर्धवट बाहेर येऊन, दात्याच्या फक्त टोकावर. मग निसटणार नाही तर काय होईल? आणि निसटताना दात्यांची टोकंही खाऊन गेला. हबमध्ये टॉर्च मारला तर रॅचेटच्या बऱ्याच दात्यांच्या शेंड्यांवर चकचकीत पट्टा. कोरा दाता टोकाला धारदार असतो, हे घासून गुळगुळीत झालेले.

पॉल धुता येतो, स्प्रिंग सरळ करता येते. झिजलेला दाता परत येत नाही.

बसवताना प्रत्येक पॉलखाली शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब, दात्यांवर तेलाचं नुसतं बोट. नखानं पॉल दाबून सोडला तर चटकन परत यायला पाहिजे. तिन्ही आले. चाक चढवून फिरवलं तर मुका झालेला हब परत कडकडायला लागला. पातळ तेल पावसात लवकर धुऊन जातं, हे कबूल. मग जून ते सप्टेंबर जरा जाड, इंजिन ऑइल टाका, किंवा फ्रीहबसाठीच मिळतं ते पातळ ग्रीस आणा आणि महिन्या-दोन महिन्यांनी उघडा. पण बेअरिंगचं ग्रीस नको म्हणजे नको!

आता तो पंक्चरवाला. शहापूरच्या कोपऱ्यावर बसणारे आजोबा, साध्या सायकली दुरुस्त करतात. त्यांच्याकडं दूधवाल्याची काळी सायकल आली की काय करतात? सायकल आडवी करतात, फ्रीच्या दोन भागांमधल्या फटीत रॉकेल सोडतात, चाक उलटं फिरवत राहतात, घाण बाहेर आली की फडक्यानं पुसतात आणि वर तेलाचे चार थेंब. ग्रीसचा डबा त्यांच्याकडंही आहे, तो एक्सलच्या कोनसाठी. आतली रचना तीच, पॉल तेच, दाते तेच. त्यांना मी विचारलं, "आजोबा, फ्रीत ग्रीस का घालत नाही?" तर माझ्याकडं असं बघितलं जसं मी चहात मीठ मागितलं. "खुळा काय रं बाळा? धरतंय मग ते."

मी ही सगळी कथा घेऊन परत त्या दुकानात गेलो. गोल झालेल्या कडेचा फोटो दाखवला, रॅचेटचा फोटो दाखवला, काढलेला लगदा कागदात बांधून नेला होता तोही काउंटरवर ठेवला. लगदा बघून पोरगा म्हणतो, "सर, टेबल खराब होईल." मालक म्हणतो, पॉल सुटे येत नाहीत, पूर्ण फ्रीहब पुण्याहून मागवावा लागेल, आणि रॅचेट हबमध्येच बसवलेलं आहे म्हणून खरं तर चाकच नवीन घ्या. हे त्यानं बरोबर सांगितलं, त्यात वाद नाही. गोल झालेल्या दात्यांवर नवा पॉल बसवला तरी तो चढाला निसटणारच. पण ते दाते गोल केले कुणी? चेन-कॅसेटचे पैसे परत द्यायचं नाव नाही, उलट "नव्या चाकाला पहिली सर्व्हिसिंग फ्री" म्हणतो.

तूर्त तेल घालून चालवतोय. सपाटीला ठीक आहे, हिंडलग्यापर्यंत आरामात जाऊन येतो. चढाला उठून जोर द्यायचा नाही, बसूनच हलका गियर टाकून जायचं, कारण निसटलं तर पुन्हा गुडघा किंवा त्याहून वाईट. नवीन चाक मागवलंय, दुसरीकडून. ते आलं की हबच्या टोपीवर मीच रंगानं लिहून ठेवणार आहे: ग्रीस घालू नये. खाली कन्नडमध्येही लिहीन, म्हणजे कळलं नाही असं म्हणायला जागा नको.