उद्या शाळा बंद (उद्या म्हणजे आज)

पावसाच्या सुट्टीची नोटीस पालकांना धाडायचं काम तुमच्या गळ्यात पडलं असेल, तर पहिली गोष्ट, घाई करू नका. जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश संध्याकाळी आला म्हणून लगेच पाठवून द्यायचा, असं थोडंच आहे? आधी मुख्याध्यापकांना दाखवा. ते संस्थेच्या सचिवांना विचारतील, सचिव जेवायला बसले असतील. मग लेटरहेडवर टाइप करा, प्रिंट काढा, शिक्का मारा आणि त्या कागदाचा जरा तिरका फोटो काढून पीडीएफ करा. एवढं होईपर्यंत रात्रीचे बारा वाजून दहा मिनिटं झालेली असतात. आता निर्धास्तपणे ग्रुपवर टाका : ‘अतिवृष्टीमुळे उद्या शाळा बंद राहील.’

खरी करामत या ‘उद्या’त आहे. लिहायला घेतलं बुधवारी, पोचलं गुरुवारी, म्हणजे उद्या शुक्रवार. वार आणि तारीख घातली तर घोळ एका ओळीत मिटतो, म्हणून ती घालायची नाही. गुरुवारी सकाळी सातला निम्मे पालक पोराला रेनकोट चढवून फाटकाशी हजर, उरलेले घरी आरामात. फाटकाशी आलेल्यांना वॉचमनकाका सांगतीलच. व्हॅनवाले काका तर सहा वीसलाच धायरीहून निघालेले असतात. त्यांना पालकांच्या ग्रुपात घ्यायचं कुणाला सुचणार? फोन केलात तरी ते गाडी चालवताना उचलत नाहीत, शिस्तीचे आहेत.

कारण लिहिताना खोलात शिरू नका. ‘रेड अलर्ट’ एवढं पुरे. हवामान खात्याचा लाल रंग पुष्कळदा घाटमाथ्यासाठी असतो आणि पुणे शहराचा रंग वेगळा, शिवाय आदेशात तालुक्यांची नावं लिहिलेली असतात. पण त्यासाठी आदेश वाचावा लागतो. मग सकाळी दहाला कोथरूडात लख्ख ऊन पडलं, की ‘सुट्टी कसली?’ म्हणून ग्रुपवर धुमाकूळ सुरू होतो. पण डेक्कनला थेंब नसतानाही खडकवासला धरणाचे दरवाजे उघडले की मुठेवरचा भिडे पूल पाण्याखाली जातो. २५ जुलै २०२४ला एकतानगरीत घरांत पाणी शिरलं, तेव्हाही आभाळाइतकाच मुठेत सोडलेल्या पाण्याचा हात होता. म्हणजे नदीपलीकडून येणाऱ्या मुलांसाठी पावसाच्या आकड्याइतकाच विसर्ग किती वाजता वाढणार हे महत्त्वाचं. नोटिशीत ते एका वाक्यात मावलं असतं. पण मग पालकांनी भांडायचं कशावरून?

आता ऑनलाइन तास. वेळापत्रक शाळेचंच ठेवा, पंचेचाळीस मिनिटांचा तास, सलग सहा. झूमचं फुकटातलं खातं चाळीस मिनिटांनी बंद पडतं, त्यामुळे प्रत्येक तासाची शेवटची पाच मिनिटं, म्हणजे नेमका गृहपाठ, हवेत विरतो. पाच तुकड्यांना एकच लिंक द्या. तिसरीतला मुलगा सातवीच्या बीजगणितात शिरून ‘टीचर, मी आलो’ म्हणतो, त्याचंही ज्ञान वाढतं. हजेरी मात्र कॅमेरा चालू असेल तरच. मुलं दोन आणि फोन एक, तोही बाबांबरोबर हिंजवडीला गेलेला, असल्या सबबी ऐकू नका. मोठ्या पावसात वीज जाते हे ठाऊक असल्यामुळे पाठाचा व्हिडिओ किंवा वहीतली पानं नंतर पाठवायची काही दुबळ्या मनाच्या शाळांत पद्धत आहे. तुम्ही ‘अनुपस्थित’ लिहून मोकळे व्हा.

भरपाईचा भाग सावकाश वाचा, कारण इथे हिशेब लागतो. शिक्षण हक्क कायदा पहिली ते पाचवीला वर्षाचे किमान २०० दिवस आणि ८०० तास मागतो, सहावी ते आठवीला २२० दिवस आणि १,००० तास. तेव्हा आधी वर्षाच्या नियोजनात किती दिवस जादा धरले आहेत ते बघावं. दोन-चार दिवस शिल्लक असतील तर भरपाईची गरजच नाही. जादा नसतील, तर गुरुवारचे बुडालेले साडेचार तास पुढच्या सहा दिवसांत रोज पाऊण तास वाढवून भरून निघतात. पण यात शौर्य कुठलं? त्यापेक्षा ऑनलाइनच्या सहा तासिका ‘झाल्या’ म्हणून रजिस्टरात धरा आणि त्याच गुरुवारसाठी शनिवारी पूर्ण शाळाही भरवा. एका दिवसाची भरपाई दोनदा. शनिवार निवडताना कॅलेंडर बघू नका, तो गौरी जेवणाचा निघाला तर निघाला.

एवढं सगळं एका पानात बसवलंत, की शेवटी ‘पालकांनी सहकार्य करावे’ लिहा आणि ग्रुपवर फक्त ॲडमिनलाच बोलता येईल असं करून ठेवा. शुक्रवारच्या सुट्टीची नोटीस तिथेच टाकायची आहे. अजून साडेअकराच वाजलेत, जरा थांबा.