भोजराजाचे वंशज, भांडुप (पश्चिम)

आडनाव पवार आहे ना? मग मुलीच्या बायोडाटात नुसतं 'शहाण्णव कुळी' लिहून थांबू नका. पलीकडचे जाधव देवगिरीच्या यादवांपर्यंत पोचलेत, शिंदे नागवंश सांगून मोकळे झालेत. तुम्ही थेट धारचे परमार धरा. परमार, पंवार, पवार: तोंडात सुपारी ठेवून भरभर म्हणा, फरक राहत नाही. देवक विचारलं तर 'तरवारीची धार' सांगा. धार ती धार, पुरावा झाला.

वंशावळ मात्र वरून लिहायला घ्या. पहिल्या ओळीत भोजराजा. खालून सुरुवात केलीत तर आजोबा गिरणीच्या हजेरीपटावर सापडतात, पणजोबा गावच्या सातबाऱ्यावर, आणि गाडी तिथेच थांबते. खुद्द धारच्या गादीवर बसलेल्या पवार सरदारांची परंपरासुद्धा शिवकाळातल्या साबूसिंगापासून सुरू होते. आणि माळव्यातलं परमारांचं राज्य अल्लाउद्दीन खिलजीच्या फौजेने १३०५ सालीच संपवलं. मध्ये साडेतीनशे वर्षं. पिढी पंचवीस वर्षांची धरा, म्हणजे चौदा बाप कमी पडतात.

घाबरू नका. जयसिंग, उदयसिंग, पुन्हा जयसिंग असे भरत जा. 'सिंग' विसरलात तर पाहुणे शंका घेतील. कंटाळा आला तर 'कालांतराने दक्षिणेत आले' एवढंच लिहा. साडेतीन शतकं तीन शब्दांत बसतात, माझ्या मेव्हण्याने तसंच केलंय.

मूळपुरुष अबूच्या डोंगरावर वसिष्ठांच्या अग्निकुंडातून निघाला, हे ठासून सांगा. ही कथा लिहिली पद्मगुप्ताने, भोजाच्या बापाच्या दरबारी कवीने. पगार कोण देत होता, ते चहा देताना सांगायची गरज नाही. त्याच्या पन्नासेक वर्षं आधीचा, ९४९ सालचा, हरसोलचा ताम्रपट आहे. त्यात आग नाही, धूर नाही, वसिष्ठही नाहीत. त्यात परमारांचं नातं राष्ट्रकूटांशी जोडलेलं आहे, म्हणजे दख्खनच्या राजांशी. हा विषय काढू नका. कुणी काढलाच तर 'बघा, आम्ही मूळचे इकडचेच' म्हणा आणि कुंड गुपचूप विझवा.

एकच अडचण उरते, ती इमारतीतली. तिसऱ्या मजल्यावरचे पवार बौद्ध आहेत, तळमजल्यावरचे पारधी. सुपारीचा नियम त्यांनाही लागू पडतो, आणि चौदा बाप त्यांचेही तेवढेच कमी आहेत. तेव्हा दारावरच्या पाटीत आडनावापुढे कंसात 'धारकर' घाला. तोवर तिन्ही पवारांची विजेची बिलं एकाच पेटीत पडत राहणार. बिलं वाटणाऱ्या पोराला अजून कुणी वंशावळ दाखवलेली नाही.